बेडरूमच्या भिंतीची ओल आणि बुरशी: घरमालकाला असं पत्र लिहा की परत नुसता रंग मारून कोणी जाणार नाही

भाड्याच्या घरात ओल आली की बहुतेक जण एकच करतात, मोबाईलवर दोन फोटो काढतात, घरमालकाला टाकतात आणि खाली लिहितात "भिंत खराब झालीये, काहीतरी करा". मग रंगारी येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो आणि जातो, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच जागी परत काळे ठिपके. दुसऱ्यांदा सांगायला गेलं की घरमालक म्हणतो, अहो आत्ताच तर करून दिलं. आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचंही बरोबर असतं, तुम्ही भिंत खराब झालीये म्हणालात, त्याने भिंत करून दिली. पाण्याबद्दल कोणी बोललंच नाही.

म्हणून पत्रात मागायचं काय, तर पाण्याची वाट बंद करून मागायची. रंग सगळ्यात शेवटी. हे नीट मागता यावं म्हणून आधी थोडी तयारी लागते, आणि ती न करता लोक थेट लिहायला बसतात तिथेच गडबड होते.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण धरतो म्हणजे सोपं जाईल. एक बेडरूम आहे. तिच्या एका भिंतीपलीकडे बाथरूम. दुसरी भिंत बाहेरची, तिच्यात खिडकी. बाथरूमकडच्या भिंतीला खालून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल, रंग फुगलाय, पलंगामागे बुरशीचा पट्टा. आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक काळे ठिपके, ते वेगळे. घरमालकाने एकदा रंग करून दिलेला आहे.

## १. आधी पुरावा, मग फडकं

बुरशी दिसली की हात शिवशिवतात पुसायला, पण थांबा. पुसलेल्या भिंतीचा फोटो म्हणजे साध्या डागाचा फोटो, त्यावरून कोणालाच काही कळत नाही.

पलंग, कपाट जे काही भिंतीला टेकलंय ते हातभर पुढे ओढा आणि तीन प्रकारचे फोटो काढा. एक दारातून, पूर्ण खोली दिसेल असा, म्हणजे ही कोणती भिंत ते कळतं. एक पूर्ण भिंतीचा, समोरून. आणि एक जवळून, त्यात मोजपट्टी किंवा टेप भिंतीला लावून, जेणेकरून डाग किती मोठा ते दिसेल. जवळच्या फोटोत लाइट समोरून मारू नका, बाजूने टॉर्च धरा, फुगलेल्या रंगाचे फोड आणि पांढरी क्षाराची पावडर बाजूच्या उजेडातच दिसते. फोटो फॉरवर्ड करत बसू नका, ओरिजिनल फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा, तारीख त्यांच्यातच असते.

मग ओलीच्या कडेवर रंगाऱ्याची कागदी टेप लावा, तिच्यावर पेनने तारीख लिहा. ओल पसरली की टेप मागे राहते आणि नवीन कड पुढे जाते. आठवड्याने दुसरी टेप. आपल्या उदाहरणात पहिली टेप लावल्यावर दोन आठवड्यांत ओल तिच्या पुढे ६ सेंटीमीटर गेलेली होती, आणि हे एक वाक्य पत्रात "ओल खूप वाढत चाललीये" यापेक्षा किती तरी जड पडतं.

फोटो झाले की मग साफ करा, बुरशीसोबत झोपायची काही गरज नाही. पण कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क, ग्लोव्हज, खिडकी उघडी, डिटर्जंटच्या पाण्यात पिळलेलं फडकं, आणि ते फडकं नंतर फेकून द्यायचं. साधारण एक मीटर बाय एक मीटरपेक्षा जास्त जागा बुरशीने धरली असेल तर स्वतः हात घालू नका, ते घरमालकाकडूनच करून घ्यायचं काम आहे.

सावधान: ब्लीच कुठल्याही दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, ॲसिड किंवा अमोनियावाल्यात तर अजिबात नाही, विषारी गॅस तयार होतो.

सावधान: ओलसर भागात सॉकेट किंवा स्विचबोर्ड असेल तर पत्राची वाट बघू नका. त्या लाइनचा एमसीबी पाडा, त्याच दिवशी फोन करा, आणि फोन केल्याचं लगेच मेसेजमध्ये लिहून टाका.

## २. पाणी कुठून येतंय, याचा घरच्या घरी अंदाज

तुम्ही प्लंबर नाही आणि पत्रात तसा आवही आणायचा नाही. पण निरीक्षणं तुमच्याइतकी कोणाकडेच नसतात, कारण त्या खोलीत रात्रंदिवस तुम्ही राहता. प्लंबर वीस मिनिटांसाठी येणार.

ढोबळमानाने चार शक्यता असतात. पाऊस पडला की एक-दोन दिवसांत डाग गडद होतो आणि उघडीप मिळाली की फिका पडतो, तर बाहेरच्या भिंतीतून पाणी येतंय. तळमजल्यावर खालून वर चढत गेलेली ओल, साधारण मीटरभर उंचीपर्यंत, वरच्या कडेला क्षाराची आडवी रेघ, तर जमिनीतून. ऋतू कुठलाही असो डाग तसाच, आणि पलीकडे बाथरूम किंवा किचन, तर पाइप, ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे. आणि कोपऱ्यात, खिडकीभोवती, कपाटामागे बारीक काळे ठिपके पण रंग फुगलेला नाही, प्लास्टर ठोकलं तर टणक, तर बहुतेक खोलीतल्या हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय.

या अंदाजाला बळ देणाऱ्या तीन सोप्या तपासण्या आहेत, खर्च जवळजवळ शून्य.

फॉइलची तपासणी. साधारण एक फूट चौरस ॲल्युमिनियम फॉइल, चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला घट्ट सील करायची, दोन दिवस ठेवायची. बाहेरच्या अंगाला पाणी जमलं तर खोलीतली वाफ. आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला जमलं तर पाणी भिंतीत आहे. लोक इथे चुकतात ते असं की ऐन फुगलेल्या रंगावर फॉइल लावतात, तिथे टेप धरतच नाही, एक कोपरा सुटतो आणि मग निकालाला अर्थ राहत नाही. ओलीच्या कडेला, जिथे रंग अजून पक्का आहे तिथे लावा. आणि मर्यादा लक्षात ठेवा, फॉइल सांगते की भिंतीत पाणी आहे, ते कुठून आलं हे ती सांगत नाही, आणि जुनी मुरलेली ओलही तसंच दाखवते.

मीटरची तपासणी. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो, सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी परत फोटो. आकडा हलला तर प्रेशरमधली लाइन गळतेय (आधी फ्लशची टाकी ठिबकत नाही ना ते बघा, नाहीतर उगाच भिंतीवर आळ). आकडा हलला नाही तर सप्लाय लाइन बहुतेक ठीक. पण सांडपाण्याची लाइन, जाळीखालचा ट्रॅप, टाइल्समधले सांधे यातली गळती मीटरवर कधीच दिसत नाही, ती फक्त बाथरूम वापरलं की होते. स्वतंत्र मीटर नसेल तर ही तपासणी सोडून द्या.

घर बंद असतानाचा फरक. ही मुद्दाम करता येत नाही, पण गावाला गेलात तर सोडू नका. निघताना फोटो, आल्या आल्या फोटो, आणि बाथरूम वापरायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी परत.

आपल्या उदाहरणात काय निघालं बघा. बाथरूमकडच्या भिंतीवर फॉइलचं आतलं अंग ओलं. मीटर रात्रभर स्थिर. आणि सहा दिवस घर बंद होतं तेव्हा डाग बराच फिका पडला, परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा गडद. तिन्ही एकत्र ठेवा: पाणी भिंतीत आहे, सप्लाय लाइनचं दिसत नाही, आणि बाथरूम वापरलं की वाढतं. म्हणजे संशय जातो सांडपाण्याच्या बाजूवर, ट्रॅपचा सांधा नाहीतर टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग. आता प्लंबर आला की त्याला कुठे बघायचं ते माहीत.

खिडकीच्या कोपऱ्यात मात्र फॉइलचं बाहेरचं अंग ओलं निघालं. म्हणजे ती वाफ, तो वेगळा विषय. इथे बरेच जण दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात, "सगळ्या बेडरूमला ओल आहे". घरमालक मग नेमकी खिडकीच बघतो, म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळत घालता, आणि त्या एका वाक्यात बाथरूमची गळतीसुद्धा तुमच्या गळ्यात. दोन भिंती पत्रात वेगळ्याच ठेवा. आणि खिडकीच्या बाबतीत स्वतःकडून काय करता तेही सरळ लिहा: अंघोळीनंतर बेडरूमकडचं दार बंद, रोज खिडकी उघडी, कपडे बाहेर. साधा आर्द्रता मीटर खोलीत ठेवला आणि आकडा कायम ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर तोही नोंदवा, कारण ६० च्या खाली ठेवा असं सर्वसाधारणपणे सांगतात. करत नसाल तर करतो असं लिहू नका, घर बघायला आल्यावर दोरीवरचे कपडे दिसतातच.

इथे थांबून बघा: तारखेचे फोटो आहेत का, टेप लावलीये का, दोन्ही भिंतींचं फॉइल झालं का? नसेल तर पुढे जाऊ नका, आणखी एक आठवडा घ्या.

## ३. जुना हिशोब एका कागदावर

भाडेकरार काढा आणि दोनच गोष्टी शोधा. दुरुस्ती कोणाकडे, आणि नोटीस कशी द्यायची (कुठल्या पत्त्यावर, ईमेल चालतो का, किती दिवस). काही करारांत "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने" असं असतं, भिंतीतली गळती किरकोळ नाही, पण तो वाद पत्रात स्वतःहून उकरून काढू नका. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वेगळं बघून ठेवा, पहिल्या पत्रात कलमं फेकायची गरज नसते.

मग जुने मेसेज, कॉल, रंगाऱ्याची भेट, सगळं तारखेप्रमाणे एका कागदावर. फोनवर झालेलं बोलणं आठवतंय पण तारीख नाही? कॉल लॉगमध्ये बघा. नाहीच सापडली तर "मार्चच्या मध्यात" असं लिहा. खोटी नेमकी तारीख टाकू नका, एक तारीख चुकीची निघाली की बाकीच्या दहावरचा विश्वास जातो.

## ४. मागणी ठरवा, पत्र लिहायच्या आधी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात घाईत उरकला जाणारा. "कायमस्वरूपी उपाय करावा" असं लिहिलं की काम झालं असं वाटतं, पण कायमस्वरूपी म्हणजे काय हे लिहिलं नाही तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावतो. रंगाऱ्याचा कायमस्वरूपी म्हणजे वॉटरप्रूफ पेंट. तो वरून मारला की पाणी भिंतीतच अडकतं, मग एक तर बाजूच्या कोरड्या भागातून बाहेर पडतं नाहीतर रंगासकट पापुद्रा सोलून काढतं.

क्रम असा मागायचा.

आधी शोध. बाथरूमची जाळी बंद करून जमिनीवर थोडं पाणी साठवून एक दिवस ठेवायचं, पाण्यात रंग टाकला तर आणखी बरं, आणि बेडरूमच्या बाजूला किंवा खालच्या मजल्यावर काय होतंय ते बघायचं. ही चाचणी प्लंबरने करायची. तुम्ही स्वतः करू नका, खालच्यांचं छत गळलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

मग गळती बंद. ट्रॅप बदलणं असो की टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग, पद्धत त्यांनी ठरवायची. तुम्ही फक्त एवढं मागा की काय सापडलं आणि काय केलं हे लिहून द्या.

मग बेडरूमच्या बाजूचं खराब प्लास्टर काढणं, ओल दिसते तिच्याही पलीकडे साधारण फूटभर, कारण क्षार तिथपर्यंत गेलेले असतात आणि ते आत राहिले तर गळती थांबूनही नवा रंग फुगतो.

मग भिंत वाळू देणं. इथेच सगळे घाई करतात. ढोबळ हिशोब असा की विटांची भिंत महिन्याला साधारण एक इंच जाडी या वेगाने वाळते, म्हणजे चार इंची भिंत पूर्ण भिजली असेल तर काही महिने. प्लास्टर काढलेलं असेल आणि पंखा चालू असेल तर लवकर, पण आठवड्याभरात नक्कीच नाही. गळती थांबल्यावर चार दिवसांत पुट्टी मारणारा माणूस तुम्हाला पुढच्या सीझनला परत भेटणार. तेवढे दिवस भिंत उघडी विटांची दिसेल, चालवून घ्या, पलंग दुसऱ्या बाजूला घ्या.

त्यानंतर प्लास्टर, आणि वाफ बाहेर जाऊ देणारा साधा रंग. ऑइल पेंट नको.

कोणी मॉइश्चर मीटर आणला तर उत्तम, पण एकच आकडा बघून निर्णय नको. भिंतीत क्षार असले की तो मीटर उगाच जास्त दाखवतो. त्याच चार जागांचे आकडे काम आधी आणि नंतर, दोन्ही लिहून घ्या, आकडा उतरतोय का ते बघायचं.

मुदत कशी द्यायची? तुकड्यातुकड्याने द्या. पत्र मिळाल्याचं उत्तर ७ दिवसांत, पाहणी १४ दिवसांत, गळतीचं काम सुरू ३० दिवसांत. करारात वेगळी मुदत असेल तर तीच धरा. सगळ्याला मिळून "आठ दिवसांत पूर्ण करा" लिहिलंत तर वर सांगितलेलं वाळवणं तुम्हीच अशक्य करून ठेवलं, आणि घरमालकाला रंगारी पाठवायला आयतं कारण दिलं.

## ५. पत्र

आता लिहा. एक पान, फार तर दीड. मजकुराची भाषा थोडी औपचारिक ठेवा पण बोजड नको. आपल्या उदाहरणाचं पूर्ण पत्र असं होईल:

> दिनांक: ५ सप्टेंबर (वर्ष लिहा)
>
> प्रति,
> श्री./श्रीमती (घरमालकाचं पूर्ण नाव)
> (करारातला पत्ता)
>
> विषय: बेडरूमच्या भिंतीतील सततची ओल व बुरशी, गळतीचा शोध घेऊन कायमची दुरुस्ती करण्याबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> मी आपल्या (घराचा पत्ता) येथील घरात भाडेकरू म्हणून राहतो. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधील भिंतीला जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटर उंचीपर्यंत आणि १.८ मीटर लांबीत ओल आहे. रंग फुगला आहे, प्लास्टर ठोकल्यास पोकळ आवाज येतो आणि पलंगामागे बुरशी आली आहे.
>
> ही अडचण मी १० मार्च रोजी मेसेजने आपल्याला कळवली होती. आपण २ एप्रिल रोजी भिंत रंगवून दिली, त्याबद्दल आभार. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी रंग पुन्हा फुगला. यावरून ओलीचे मूळ कारण अजून तसेच आहे असे वाटते.
>
> माझी निरीक्षणे:
> १. ओलीच्या कडेला लावलेल्या खुणेच्या पुढे ती दोन आठवड्यांत ६ सेंटीमीटर पसरली.
> २. ६ ते १२ ऑगस्ट घर बंद होते. त्या काळात डाग फिका झाला आणि बाथरूमचा वापर सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा गडद झाला.
> ३. सर्व नळ बंद असताना रात्रभर पाण्याच्या मीटरचा आकडा बदलला नाही.
> ४. भिंतीवर सीलबंद लावलेल्या फॉइलच्या आतील बाजूस पाणी जमले.
>
> नेमके कारण तज्ज्ञ व्यक्तीच सांगू शकेल, परंतु बाथरूमच्या सांडपाण्याच्या बाजूची तपासणी आधी व्हावी अशी विनंती.
>
> याशिवाय खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात थोडी बुरशी आहे. ती खोलीतील वाफेमुळे असावी. मी रोज खिडकी उघडतो, कपडे बाहेर वाळवतो आणि तो भाग साफ केला आहे. हा विषय वरील ओलीपेक्षा वेगळा आहे.
>
> ओलीमुळे भिंतीलगतची जागा आम्हाला वापरता येत नाही आणि खोलीत सतत कुबट वास असतो.
>
> माझी विनंती पुढीलप्रमाणे:
> १. प्लंबरकडून बाथरूमची पाणी साठवून तपासणी व्हावी आणि काय आढळले ते लेखी मिळावे.
> २. गळतीची दुरुस्ती व्हावी.
> ३. बेडरूमच्या बाजूचे खराब प्लास्टर काढून भिंत वाळू द्यावी. त्यासाठी लागणारा वेळ देण्यास माझी तयारी आहे.
> ४. भिंत कोरडी झाल्याची खात्री करून मगच प्लास्टर व रंग करावा. त्याआधी केवळ रंगकाम करू नये.
>
> कृपया पत्र मिळाल्याचे ७ दिवसांत कळवावे, पाहणी १४ दिवसांत आणि दुरुस्तीची सुरुवात ३० दिवसांत व्हावी. पाहणीसाठी शनिवार-रविवार पूर्ण दिवस आणि इतर दिवशी सायंकाळी ६ नंतर मी घरी असतो. एक दिवस आधी कळवल्यास इतर वेळीही सोय करेन.
>
> सोबत: तारखेसह फोटो (९), मीटरचे फोटो (२), मार्चमधील मेसेजची प्रत.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, फोन)

यात काय नाही ते पण बघा. धमकी नाही, "आमचे हाल चाललेत" नाही, लिफ्ट आणि पार्किंगच्या तक्रारी नाहीत. गळती ट्रॅपमधूनच आहे असा दावा नाही, कारण उद्या ती टाइल्सच्या सांध्यातून निघाली तर पत्रच चुकीचं ठरेल. आणि आधीच्या रंगकामाचे आभार मानलेत, ते नुसतं गोड बोलणं नाही. रंग त्यांनी केला, कधी केला आणि तो टिकला नाही, हे सगळं त्यात नोंदलं गेलं.

तब्येतीबद्दल लिहायचं तर जपून. ओल आणि बुरशीचा दमा आणि श्वसनाच्या त्रासाशी संबंध आहे हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय, पण म्हणून "तुमच्या भिंतीमुळे मुलीला दमा झाला" असं लिहू नका. "मुलीला दम्याचा त्रास आहे, ती याच खोलीत झोपते, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे" एवढं पुरतं, आणि त्यावरून पाहणी लवकर मागता येते.

सावधान: भाडं थांबवीन किंवा स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापीन असं रागाच्या भरात लिहू नका आणि करूही नका. बऱ्याच ठिकाणी हे परस्पर केलं की ओलीचा विषय बाजूला पडतो आणि तुम्हीच थकबाकीदार ठरता. तो रस्ता घ्यायचाच असेल तर आधी वकिलाला किंवा भाडेकरू सल्ला केंद्राला विचारा.

## ६. पाठवायचं कसं

करारात सांगितलंय तसं. काहीच लिहिलं नसेल तर पोच मिळेल अशा पोस्टाने किंवा हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्या, आणि त्याच दिवशी पीडीएफ ईमेलला आणि मेसेजला. नुसत्या मेसेजवर थांबू नका, तीन महिन्यांनी तो गुड मॉर्निंगच्या ढिगात शोधावा लागतो. मध्ये एजंट असेल तर त्यालाही प्रत, पण पत्र मालकाच्याच नावाने.

ओरिजिनल फोटो किंवा मेसेज असलेला फोन "जरा बघू" म्हणून कोणाच्या हातात देऊन ठेवायचा नाही, प्रती द्यायच्या.

## ७. पाहणीच्या दिवशी आणि त्यानंतर

प्लंबर येणार म्हणून लोक आदल्या दिवशी भिंत घासून चकाचक करतात. अजिबात नको. पलंग पुढे ओढून ठेवा, टेपच्या खुणा तशाच ठेवा, आणि त्याला तीन गोष्टी दाखवा, ओलीची कड, बंद घराच्या आधीचा-नंतरचा फोटो, मीटरचे फोटो. तो काय म्हणाला ते त्याच संध्याकाळी घरमालकाला दोन ओळींत लिहून टाका: "आज प्लंबर येऊन गेले, ट्रॅपचा सांधा सुटला आहे असं त्यांनी सांगितलं, काम कधी सुरू होईल ते कळवा." तोंडी बोलणं असं लगेच लेखी झालं की नंतर "असं कोणी म्हणालंच नव्हतं" हा प्रश्न येत नाही.

सात दिवस गेले आणि उत्तर नाही? एक छोटं स्मरणपत्र, चार ओळी, पहिल्या पत्राची तारीख टाकून आणि प्रत जोडून. पूर्ण कहाणी परत लिहू नका. तीस दिवसही तसेच गेले तर मग तुमच्याकडचं जे काही भाडे प्राधिकरण, पालिका किंवा ग्राहक मंच असेल तिकडे हीच फाइल घेऊन जायची, आणि तोपर्यंत टेपवर तारखा टाकणं चालू ठेवायचं.

सगळ्यात फसवा प्रसंग म्हणजे घरमालक चांगल्या मनाने म्हणतो, "रविवारी रंगारी पाठवतो, एकदम भारी वॉटरप्रूफ पेंट लावून देतो." नाही म्हणायला जीवावर येतं. तेव्हा असं लिहा: "धन्यवाद, पण गळती सापडायच्या आधी रंग केला तर तुमचा खर्च एप्रिलसारखाच वाया जाईल. आधी प्लंबर पाठवाल का? रंगाची मला घाई नाही." त्याच्या पैशाची भाषा त्याला लवकर कळते.

काम झाल्यावर तपासणी तुमचीच. गळती बंद केल्यावर, प्लास्टर करायच्या आधी, बाथरूम नेहमीसारखं वापरत दोन-तीन आठवडे उघडी वीट बघा, तिचा रंग फिका होत गेला पाहिजे. एखादी जागा गडदच राहिली तर तिथे अजून पाणी येतंय, काम तिथेच थांबवायला सांगा. नवीन प्लास्टर वाळल्यावर रंगाच्या आधी परत एकदा फॉइल, दोन दिवस, आतलं अंग कोरडं निघालं तर रंगाला हरकत नाही. पलंग आणि कपाट भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा, मागून हवा फिरली पाहिजे. आणि रंगानंतर तीन महिन्यांनी त्याच जागेचा, तशाच बाजूच्या टॉर्चच्या उजेडात फोटो काढून घरमालकाला पाठवा, भिंत चांगली असेल तरीसुद्धा. घर सोडताना डिपॉझिटमधून "भिंत खराब केली" म्हणून कापायला निघाले तर हा फोटो कामाला येतो.